दंडाचा रंग

बुटीबोरीजवळच्या रस्त्याच्या कामावर मेघा दिवसभर उन्हात मोजणी करायची. तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दोन महिन्यांवर आलं, तेव्हा तिनं चेहऱ्याला, हातांना लिंबू चोळलं आणि तशीच कामावर गेली. कातडी लालभडक झाली.

पार्लरवाल्या सुरुचीताईनं कपाळावर हात मारला. "लिंबू लावून उन्हात काहून गेली वं? आता ब्लीच नाही. पहिले आग शमू दे."

"पण ताई, गोरी होईन ना?"

ताईनं तिची बाही दंडापर्यंत सरकवली. "हा तुहा रंग. याच्यापुढे कोणतीच क्रीम नेत नाही. उन्हाचा काळेपणा तेवढा उतरेल, तोही हळूहळू."

लाली गेल्यावर मेघा दर दोन तासांनी सनस्क्रीन लावू लागली, पूर्ण बाह्या घालू लागली. साक्षगंधाला बांगड्या भरताना तिनं मनगट दंडाशी ताडून पाहिलं.

"अर्धं अंतर कापलं," ती हसली, "उरलेलं लग्नापर्यंत!"