लग्नाचं पन्नासावं वर्ष

गिरीज गावात फिलोमिना टीचरसमोर आकडा बोलायचा, तर माणूस आधी जीभ आवरतो. चर्चच्या मराठी शाळेत त्यांनी छत्तीस वर्षं चौथीच्या वर्गाला शिकवलं. शाळा सुटली, पण खोड सुटली नाही. एकदा चर्चमध्ये रविवारची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, संपल्यावर कुणीतरी सहज विचारलं, "टीचर, वय किती झालं हो तुमचं?" टीचर म्हणाल्या, "चौऱ्याहत्तर पूर्ण, पंच्याहत्तरावं चालू. यातलं काय हवंय तुला?" विचारणारा कानकोंडा झाला आणि घरी गेला.

एकच माणूस त्यांना या बाबतीत छळायचा, तो म्हणजे नवरा, स्टॅनी. मुद्दाम चुकीचं बोलायचा. "फिला, मी पाच केळी खाल्ली, आता सहा केळं खातो." मग या चिडायच्या आणि तो वाडीत जाऊन हसायचा. मे महिन्यात तो गेला. सकाळी केळींना पाणी लावायला गेला, तो तिथेच बसला आणि आटोपलं. तेव्हापासून घरात चुकीचं बोलायलाच कुणी नाही. टीचरांना चूक काढायची इतकी हौस, पण ती काढायची कुणाची? भिंतीची?

म्हणून त्यांनी संपदाला शिकवायला घेतलं. संपदा जवळच्या नव्या टॉवरमध्ये राहणारी, इंग्रजी शाळेत सहावीला. तिचं मराठी म्हणजे आनंदच होता. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "टीचर, मी पाच मजल्यावर राहते."

"पाच मजल्यांवर? एकटी? अगं बाई! मग रोज झोपतेस कुठे?"

पोरगी खुदखुदून हसली. टीचरही हसल्या, स्टॅनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

"पाच मजले म्हणजे किती, ते सांगतात. पाचवा मजला म्हणजे कितवा, ते. तळमजला सोडला तर तुझ्या खाली चार मजले आहेत की नाही? झालं तर मग. पाचव्या मजल्यावर राहते म्हण. आता सांग, तू सहावीत आहेस, तर किती इयत्ता झाल्या तुझ्या?"

"सिक्स... सहा."

"परीक्षा झाली सहावीची?"

"नाही अजून."

"मग पाच झाल्या. सहावी चालू आहे. शर्यतीत तू सहावी आलीस, तर तुझ्या पुढे पाच. सहा मुली धावल्या आणि तू सहावी, म्हणजे शेवटची. साठ धावल्या आणि तू सहावी, म्हणजे शाबास. कितवी आणि कितींत, दोन्ही विचारायचं. नाहीतर लोक फसवतात."

असं हे ऑक्टोबरभर चाललं. पण त्याच ऑक्टोबरात टीचरांच्या जिवाला दुसरा एक घोर लागला होता. स्टॅनीच्या थडग्यावर दगड बसवायचा होता. दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, अख्खं गाव सिमेंटरीत जमतं, फुलं ठेवतं, मेणबत्त्या लावतं. त्याआधी दगड बसलाच पाहिजे. पैसे लेक पाठवणार होती, मजकूरही लेकीनेच पाठवला होता. सुझान, टोरांटोला असते. मजकूर होता: 'स्टॅनी, आमचे लाडके पप्पा. पन्नास वर्षांचा सुखी संसार.'

टीचरांनी तो फोनवर वाचला आणि सवयीने डोळे मिटून मोजलं. लग्न अठरा जानेवारी शहात्तरचं. यंदाच्या जानेवारीत एकोणपन्नास पूर्ण झाली. मे महिन्यात तो गेला, तेव्हा पन्नासावं लागून चारच महिने झाले होते.

रविवारी लेकीचा फोन आला. "सुझान, पन्नास झाली नाहीत गं," टीचर म्हणाल्या.

"मम्मी, प्लीज! आता इथेही टीचरगिरी? जानेवारीत झालीच असती ना."

"झाली असती. झाली नाहीत."

"गोल्डन ज्युबिलीला येणार होते मी. तिकीट काढून ठेवलं होतं. किती वर्षं सांगत होते, गोल्डनला नक्की येते म्हणून. निदान दगडावर तरी पन्नास असू दे." सुझान रडायला लागली. टीचरांनी 'बघू' म्हणून फोन ठेवला.

खरं सांगायचं तर त्यांनाही पन्नास हवं होतं. लेकीपेक्षा जास्त हवं होतं. एकोणपन्नास हा काय आकडा आहे? दाराशी येऊन परत फिरल्यासारखा. आणि मोजून पाहणार कोण? पण त्या दगडाखाली स्टॅनी होता आणि त्याच्यापुढे खोटा आकडा ठेवायचा, हे काही त्यांना जमेना. त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून त्या सातिवलीला चंद्रहासच्या कारखान्यात गेल्या. तो संगमरवरावर नावं कोरतो. सगळीकडे पांढरी धूळ, मशीनचा कर्कश आवाज. मशीन बंद करून चंद्रहास म्हणाला, "मॅडम, उद्यापासून कोरायला घ्यायला पाहिजे, नाहीतर दोन तारीख हुकेल. पन्नासच टाकूया ना, राउंड फिगर. छान दिसते."

"राउंड करायला माझा नवरा काय भोपळा होता?" टीचर फणकारल्या. तो हसला नाही, तेव्हा आपल्याला रडू येतंय हे त्यांच्या लक्षात आलं.

चंद्रहासने स्टूल पुढे केलं. त्या बसल्या. शाळा सोडल्याचे किती दाखले लिहिले असतील आयुष्यात! बापाची बदली झाली, पोर मधूनच शाळा सोडून चाललं, की दाखल्यावर रकाना असायचा, कोणत्या इयत्तेत शिकत होता व केव्हापासून. त्यात कधी 'चौथी पास' लिहिलं नाही, पण म्हणून तिसरीही लिहिली नाही. पोर चौथीत होतं, तर चौथीतच होतं. एक दिवस बसलेलं असलं तरी चौथीतच.

"कागद आण रे," त्या म्हणाल्या, आणि सुंदर शाळकरी अक्षरात लिहून दिलं: 'स्टॅनी, आमचे लाडके पप्पा. संसाराच्या पन्नासाव्या वर्षात असताना देवाघरी गेले.'

चंद्रहासने वाचलं. "हे खरंय ना मॅडम?"

"अगदी खरं. चार महिने तो होता त्या वर्षात."

त्यांना फार हलकं वाटलं. पन्नासही आलं आणि खोटंही बोलावं लागलं नाही. घरी येऊन त्यांनी रविवारच्या फोनची वाट न पाहता स्वतःच टोरांटोला फोन लावला, मजकूर वाचून दाखवला. सुझानने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग म्हणाली, "चांगलं आहे, मम्मी. पप्पांना आवडलं असतं."

टीचरांना धीर आला. इतके महिने जे विचारायचं राहून गेलं होतं, ते त्यांनी विचारलं. "अगं, ते वर्ष अजून संपलेलं नाही. अठरा जानेवारीला पुरं होतंय. तुझं तिकीट होतं ना त्या तारखेचं? ये की. इथेच पुरं करू."

"ते कॅन्सल केलं गं, जूनमध्येच," सुझान म्हणाली. "पप्पाच नाहीत, आता कुणासाठी यायचं?"

तिच्या बोलण्यात वाकडं काही नव्हतं. दुःखात माणूस बोलतो तसं ती बोलली होती. पण टीचरांच्या काळजाला ते लागलं. आयुष्यभर दुसऱ्याची चूक पटकन पकडणाऱ्या बाईला या वेळी मात्र ती दाखवणं जड गेलं.

"सुझान," त्या अखेर म्हणाल्या, "आम्ही दोघं होतो गं. दोनातून एक गेला. एक अजून आहे."