खालची टाकी

वसईतल्या आमच्या इमारतीला नळाचं पाणी दिवसाआड, तेही करंगळीएवढं. बाकी सगळं टँकरवर. आमच्या घरात कॉलेजला गेलेली मी पहिलीच. विषय सूक्ष्मजीवशास्त्र, पण जिन्यात सोसायटीचे सेक्रेटरी काका दिसले की मी अजूनही भिंतीला चिकटून उभी राहायचे.

एका रविवारी सगळ्यांनी मिळून गच्चीवरची टाकी धुतली. मीही आत उतरले. गाळ काढला, भिंती ब्रशने घासल्या, दोनदा पाणी मारून सोडून दिलं. काकांनी जिन्यात नोटीस लावली : ‘टाकी स्वच्छ केली आहे. पाणी उकळण्याची गरज नाही.’

संध्याकाळी टँकर आला. कुठल्याशा विहिरीचं ते पाणी नेहमीप्रमाणे जमिनीखालच्या टाकीत पडलं आणि पंपाने वर चढलं. ती खालची टाकी कुणी उघडलीसुद्धा नव्हती.

घरी ताई बाळाला घेऊन आली होती. जुलाबांमुळे बाळाला नुकतंच सलाईन लावलं होतं. ताईने पाण्यात तुरटी फिरवली. “बघ, तळ दिसतोय. आता कशाला उकळायचं?”

“तुरटीने माती खाली बसते, ताई. जंतू मरत नाहीत.”

पातेलं मी गॅसवर ठेवलं. मग पेन घेऊन जिना उतरले आणि नोटिशीखाली लिहिलं : ‘टँकरचं पाणी उकळूनच प्या.’

सकाळी काका दारात हजर. “मोठ्यांच्या नोटिशीवर खरडायला शिकवतात वाटतं कॉलेजात? गॅस कॉलेज देणार का?”

बाबा पुटपुटले, “माफी माग, बाळा. टँकर तेच मिळवून देतात.”

 मी म्हणाले, “नाही मागणार.”

कॉलेजातल्या बाईंकडून मी पाणी तपासायच्या दोन बाटल्या आणल्या. पाणी भरून ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर ते तसंच पिण्यासारखं नाही. आमच्या घरातल्या नळाच्या, म्हणजे टाकीतल्याच पाण्याची बाटली दुसऱ्या दिवशी काळी झाली. मी ती नोटिशीशेजारी टांगली.

“शाई घातली असशील,” काका म्हणाले.

“दुसरी तुम्ही भरा, काका.”

त्यांनी हात मागेच ठेवले. काकांच्या मागून आलेल्या काकूंनी मात्र बाटली घेतली. “दे इकडे. नातवंडं माझीही पितात.”

तीही काळी झाली.

पुढच्या रविवारी खालची टाकी धुवायची ठरली. तशी नवी नोटीस लागली, पण उकळण्याबद्दल तिच्यात अवाक्षर नव्हतं. टाकी धुतली तरी तिच्यात येणार होतं टँकरचंच पाणी. म्हणून मी पुन्हा पेन घेऊन उतरले. तेच वाक्य लिहिलं आणि या वेळी खाली सही केली. मागे चपलांचा आवाज आला. बाबा होते. त्यांनी वाक्य सावकाश वाचलं, माझ्या हातातलं पेन घेतलं आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली.