सरळ करून आणलेला गुडघा

लवू गोताडवर मी जितकी ओरडले आहे तितकी सख्ख्या भावावरही ओरडले नसेन. एमआरआयच्या मशीनवर काम करून करून माझा आवाजच चढा झालाय, त्यात हा माणूस आमच्याच भाट्ये गावातला. आमच्या घरचे नारळ वर्षानुवर्षं तोच पाडतो. पायात दोरीचा फास, कमरेला कोयता, आणि माडाच्या शेंड्यावरून खाली माझ्याशी गप्पा. "ताई, तुमच्या विहिरीत कासव हाय हां," असं वरून सांगेल. मी म्हणायचे, आधी उतर खाली, मग कासव बघू.

तसा तो फार लाघवी माणूस. कुणाच्या दारात गेला तरी आधी पाय धुणार, मग बोलणार. डॉक्टरकडे जायचं तर इस्त्रीचा शर्ट. आजारपणसुद्धा नीटनेटकं करून न्यायचं, ही त्याची रीत. आणि या रीतीनेच त्याने आम्हा सगळ्यांना फसवलं.

झालं असं, की माडावरून उतरताना शेवटच्या हातभर उंचीवरून त्याने उडी टाकली आणि उजवा गुडघा पिरगळला. सूज आली, उतरली, पण दुखणं राहिलं. आमच्या एमआरआय सेंटरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर हाडांचे डॉक्टर ओमकार सावंत बसतात. त्यांनी गुडघा ओढून, वाकवून पाहिला. हाडं बांधून ठेवणारी लिगामेंट घट्ट लागली. गुडघ्यातली गादी फाटल्याची शंका होती म्हणून त्यांनी त्याला खाली आमच्याकडे पाठवलं. बरोबर त्याची बायको गंगा होती.

आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉक्टर फिजा सोलकर प्रत्येकाला स्वतः विचारतात. "लवूभाऊ, चालताना गुडघा मध्येच अडकतो का? सरळच होत नाही, असं कधी होतं का?"

"छे छे," लवू म्हणाला. "अजिबात नाय."

गंगा शेजारीच उभी होती. नवर्‍याच्या तोंडाकडे बघत.

मी नेहमीप्रमाणे सांगितलं, खिशातलं लोखंड-बिखंड काढा, आणि आत पाय सरळ ठेवायचा, हलायचं नाही. लवूने मान डोलावली आणि कपडे बदलायच्या खोलीत गेला. बाहेर आला तो गुडघा छान सरळ. मशीन खडखडत होतं तेवढा वेळ हूं की चूं नाही. इतका शहाणा पेशंट, म्हणून मी त्याला चहा पाजला. काय सांगू, माझंच कौतुक.

रिपोर्टमध्ये गादी फाटलेली आलीच. या फिल्मवर गादी काळी दिसते, अर्ध्या चंद्रासारखी, आणि पाणी पांढरं. धडधाकट गादी अखंड काळी असते. लवूच्या आतल्या बाजूच्या गादीत, मागून मध्यापर्यंत, एक पांढरी उभी रेघ थेट कडेपर्यंत पोचलेली होती. रेघ गादीच्या आतच राहिली तर ती झीज असू शकते, पण पृष्ठभागापर्यंत गेली म्हणजे फाटलं. मात्र तुकडा जागचा हललेला नव्हता, आणि चारही लिगामेंट शाबूत. डॉक्टर फिजांनी दिसलं ते बरोबर लिहिलं होतं. सावंतांनी सांगितलं, काही आठवडे आराम, पट्टा, व्यायाम, माडावर चढायचं नाही, आणि गुडघा अडकला तर ताबडतोब यायचं.

लवूने त्यातलं एकच ऐकलं. तुकडा जागेवर आहे. "आपला माल जागच्या जागी हाय ताई," असं सगळ्या भाट्यात सांगत फिरला.

पुढच्याच रविवारी स्वारी आमच्या घरामागच्या परड्यात हजर. मी म्हटलं, चढलास तर तंगडं मोडीन. म्हणाला, चढत नाय, पडलेल्या झावळ्या गोळा करतो. गोळा करायला उकिडवा बसला आणि उठताना अर्ध्यातच राहिला. पाय वाकलेला तो वाकलेलाच. मी धावले तर हा पठ्ठ्या शांतपणे जमिनीवर टेकला, टाच दुसर्‍या मांडीवर घेतली आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून म्हणतो, "थांबा ताई, आता खट् करून सोडवतो. रोजचंच हाय."

"रोजचं?"

"त्या दिवशी मशीनला पण सोडवूनच आलो ना. तुमी बोललात सरळ ठेवायचा."

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. त्या कपडे बदलायच्या खोलीत याने अडकलेला गुडघा पिळून सोडवला होता, आणि आम्ही सुटलेल्या गुडघ्याचे फोटो काढून बसलो होतो. मी त्याच्या हातावर अशी चापट मारली की पिळायचं विसरला. "हात लावशील तर याद राख. असंच वाकड्या पायाने यायचं." रिक्षा बोलावली, गंगाला फोन केला, डॉक्टर फिजांना केला. रविवार असूनही त्या आल्या. देव त्यांचं भलं करो.

वाकडा गुडघा नेहमीच्या कडक साच्यात बसेना, म्हणून चित्र टिपणारं, गुंडाळायचं मऊ कॉइल लावलं, खाली उशा दिल्या. पहिली चित्रं आली आणि डॉक्टर फिजा खुर्चीतून पुढे सरकल्या. सांध्याच्या मध्ये मागचं लिगामेंट असतं, जाड, काळं, कमानीसारखं वाकलेलं. लवूच्या गुडघ्यात त्याच्या खाली तशीच दुसरी काळी पट्टी दिसत होती. लिगामेंट दोन नसतात. ती होती गादीची फाटलेली कड, बादलीची कडी एका बाजूला कलंडावी तशी सांध्याच्या मधोमध येऊन पडलेली. जिथून निघाली तिथे गादी बारीक उरलेली. पुढचं लिगामेंट सरळ, ताठ, धडधाकट होतं.

डॉक्टर सावंत आले. त्यांनी पडद्यावरच लवू-गंगाला सगळं दाखवलं. ऑपरेशन आता लांबवता येणार नव्हतं. फाटलंय ते बाहेरच्या कडेला, तिथे रक्त पोचतं, म्हणून शिवता येईल असं दिसतंय, ते म्हणाले. आत दुर्बीण घातल्यावर नक्की कळेल. शिवलं तर निदान सहा महिने माड बंद, आणि टाके धरतीलच याची हमी नाही. कापून काढलं तर लवकर चालू लागेल, पण गादी कमी झाली की गुडघा पुढे झिजतो.

"कापा," लवू लगेच म्हणाला. "माझा हंगाम जातोय."

गंगा इतका वेळ त्या पडद्याकडे बघत होती. तिने आवाज न चढवता विचारलं, "वर असताना अडकला होता कधी?"

लवू फरशीकडे बघत राहिला.

"मी विचारतंय काय?"

"एकदा," तो म्हणाला. "काजींच्या माडावर. मिठी मारून र्‍हायलो. एका हाताने सोडवला."

"मग?"

"मग काय, नारळ पाडले. वर गेलोच होतो ना."

एका हाताने माड धरायचा आणि दुसर्‍या हाताने गुडघा पिळायचा, एवढ्या उंचावर. गंगा पांढरीफटक पडली होती.

"मला का नाय सांगितलंत?"

"तू जाऊ दिलं नसतंस."

"नसतंच दिलं."

लवू चादरीचं टोक बोटाने चुरगाळत होता. मग अगदी हळू, आम्ही कुणी तिथे नाहीच अशा आवाजात, म्हणाला, "माडावर गेलो नाय तर मी कोण गो मग?"

गंगाने त्याच्या वाकड्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जिता माणूस," ती म्हणाली.

मग लवूने डोळे पुसले आणि डॉक्टर सावंतांकडे वळून म्हणाला, "शिवा."