न हलता दोन तास

बाबांना दर दोन तासांनी कुशीवर वळवावं लागायचं. दिवसा ती आणि आई वाटून घ्यायच्या. आई शिवणाच्या कारखान्यात गेली की पाळी हिची. कॉलेज घरापासून चालत जाण्याइतकं जवळ होतं. तिने ते त्याच हिशेबाने निवडलं होतं. आणखी चांगल्या कॉलेजात नंबर लागत असतानाही. तास संपला की ती घरी पळायची, बाबांना वळवायची, पाठीमागे उशी सारायची, माकडहाडाजवळची कातडी लाल झाली नाही ना ते बघायची आणि परत पळायची. वर्गात तिला ‘शटल’ म्हणायचे. तीही हसायची.

बाबा एके काळी बस चालवत. झटका आल्यापासून डावी बाजू गेलेली, बोलणं जड झालेलं, पण डोकं अगदी ठणठणीत. लेकीला ते लहानपणापासून ‘कंडक्टर’ म्हणत.

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आला तेव्हा तिने मनाशी एकच ठरवलं होतं: घरातलं काही कॉलेजात न्यायचं नाही. तिच्या जोडीला एक मुलगी होती, चटकन भडकायची म्हणून तिचं नाव ‘फ्यूज’ पडलेलं. दोघी लायब्ररीतल्या खिडकीपाशी बसून संशोधनाचे पेपर वाचायला लागल्या. पाणी मोजणारं यंत्र सुचलं, तर त्यावर ढीगभर पेपर. पिकावरचा रोग ओळखणारा कॅमेरा, तेही झालेलं. फ्यूज म्हणाली, आपल्या जन्माआधीच लोकांनी सगळं करून ठेवलंय. मार्गदर्शक सर दर आठवड्याला एकच प्रश्न विचारायचे, यात तुमचं नवीन काय? आणि दोघी खाली मान घालून बाहेर यायच्या.

शेवटी सरांनीच विषय दिला. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी दाब मोजणारी गादी. नेमकं घरातलंच. नको म्हणायला काही कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण सांगायचं नव्हतं. फ्यूजने ‘चालेल सर’ म्हणून टाकलं.

या विषयावरही पेपर भरपूर होते. फ्यूज सारांश आणि निष्कर्ष वाचायची. तिथे प्रत्येकाची अचूकता डोळे दिपवणारी. हिला मात्र मधलं वाचायची खोड लागली, प्रयोग कुणावर केला, किती वेळ केला. एका पेपरात निरोगी विद्यार्थी दहा मिनिटं झोपवले होते. दुसऱ्यात त्याहून कमी. तिसऱ्यात माणूसच नाही, वाळूची पिशवी. तिने सगळ्यांचा तक्ता केला: सेन्सर कोणता, माणसं कोण, वेळ किती. वेळेचा रकाना वरून खाली वाचताना ती थांबली. बाबा दहा मिनिटं नाही, दोन-दोन तास एका कुशीवर असत.

‘‘दोन तास वजन राहिलं तर सेन्सर तोच आकडा दाखवतो का, हे कोणी बघितलंय?’’ तिने फ्यूजला विचारलं.

महागड्या सेन्सरवर बघितलेलं सापडलं. त्यांना परवडणाऱ्या, काळ्या वीजवाहक प्लास्टिकच्या सेन्सरवर, गादीत घालून, तासन् तास, असं मात्र दोघींनी शोधलेल्या पेपरांत कुठेच नव्हतं. प्रयोगशाळेत त्यांनी अशाच एका सेन्सरवर वीट ठेवली. वीट जागची हलली नाही, पण आकडा हळूहळू चढत गेला, जणू वीट बसल्या बसल्या जाडी होत होती.

यात नवीन आहे हे सरांना पटलं. पण त्यांनी सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे प्रोजेक्टच्या आराखड्यात, पूर्ण गादी, शेकडो सेन्सर, मोबाईल ॲप आणि पडून राहून होणारी जखम आधीच ओळखणारं मशीन लर्निंग घालायला सांगितलं. फ्यूजने तिथेच वहीत आखणी सुरू केली. हिने ऐकलं आणि मनात हिशेब केला. एका सत्रात दोन मुली आणि एक जुनं टेबल. शिवाय जखम होणार हे ओळखायचं तर जखमा होणारी माणसं हवीत, त्यांच्या नोंदी हव्यात, दवाखान्याची परवानगी हवी. आणि आकडाच सरकत असेल तर ‘दाब इतका’ म्हणणंही खोटं.

पुढच्या भेटीत ती घाबरत घाबरत बोलली. गादी नको, फक्त कमरेखालची सेन्सरांची एक पट्टी. दाब किती ते सांगायचं नाही; माणूस वळला की नाही, एवढंच. सेन्सर सरकतो तो सावकाश, माणूस वळतो तो पटकन. म्हणून आकडा न बघता आकड्यातला बदल बघायचा. बरेच सेन्सर एकदम बदलले आणि बदललेले राहिले तर वळला असं धरायचं, खोकला आला तर नाही. दोन तासांत कोणी वळलं नाही तर दिवा लागेल.

‘‘एवढंसंच?’’ सर म्हणाले.

‘‘एवढं झालं तर खूप झालं, सर.’’

सरांनी कागद उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी ॲप खोडलं, मशीन लर्निंग खोडलं, आणि एक अट घातली. रुग्णावर प्रयोग करायचा नाही, त्यासाठीची परवानगी कॉलेजकडे नाही. झोपायचं तर दोघींनीच.

ती बाहेर आली आणि जिन्यावर बसली. ज्या पेपरांना नावं ठेवली, त्यांच्याच रांगेत जाऊन बसायचं होतं. फ्यूज म्हणाली, ‘‘निदान आपण जास्त वेळ झोपू.’’

पट्टी तयार झाली. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गादी टाकली. घरी त्या दिवशी आईने रजा काढली होती. ती डाव्या कुशीवर झोपली, कंबर पट्टीवर, आणि फ्यूजने घड्याळ लावलं. हलायचं नाही. सुरुवातीला गंमत वाटली. मग खालचा हात बधिर झाला. मग नाकाच्या शेंड्याला खाज सुटली आणि सगळं जग त्या शेंड्यावर येऊन थांबलं. भिंतीवरचा एक ओघळ ती बघत राहिली, दुसरं दिसण्यासारखं काही नव्हतंच. मुलं दारातून डोकावून जात, कोणी विचारी, झोपली का ही? तिला मान वळवता येत नव्हती. आपण उठू शकतो, हे ती स्वतःला सांगत होती. तरी डोळ्यांतलं पाणी नाकावरून उशीत गेलं, ते तिने पुसलं नाही.

दिवा लागला. पडद्यावरची रेघ ती न हलताही अख्खा वेळ चढत गेली होती. ती वळली तशी रेघ तुटून खाली आली. फ्यूजच्या वेळी मात्र गोची झाली. ती इंचाइंचाने सरकत वळली, आणि पट्टीला ते कळलंच नाही. फ्यूजला ते अहवालात नको होतं. हिने लिहिलं. सावकाश वळणारा माणूस यात सुटतो, आणि प्रयोग दोन निरोगी मुलींवरच झाला, हेही लिहिलं.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तेच पान उघडून बराच वेळ प्रश्न विचारले. गुण बरे मिळाले, पहिला नंबर ॲप केलेल्या दुसऱ्या एका गटाचा आला.

त्या संध्याकाळी बाबांना उजव्या कुशीवर वळवताना तिने सगळं सांगितलं. ते जड जिभेने हळूहळू म्हणाले, ‘‘कशाचा… त्रास जास्त?’’

‘‘नाक खाजलं, बाबा.’’

त्यांचा चेहरा एका बाजूने हसला. ‘‘हां. नाक,’’ ते म्हणाले. इतक्या दिवसांत तिने त्यांना पाठीबद्दल विचारलं होतं, टाचेबद्दल विचारलं होतं. त्यांचा धड हात अंगाखाली अडकला होता; तिने हात पुढे केला आणि त्यांचं नाक खाजवलं. बाबांनी डोळे मिटले.

निकालानंतर दूरच्या शहरातून नोकरीचं पत्र आलं, ते तिने नाकारलं. गल्लीच्या टोकाला यंत्रं दुरुस्त करणारं एक दुकान होतं, तिथे ती लागली. फ्यूज दूर गेली. ती अधूनमधून फोन करून विचारते, सावकाश वळणाऱ्या माणसाचं काय झालं. ही म्हणते, पेपर वाचतेय अजून.