खर्चात न धरलेला माणूस

ऐंशीच्या दशकात मी तुमसरच्या एका बँकेत कर्जाच्या अर्जांवर टिपणी लिहीत असे. उत्पन्न किती, तारण काय, हप्ते फिटतील का, या तीन प्रश्नांत माणूस बसवायचा आणि मॅनेजरपुढे ठेवायचा. नोकरी कंटाळवाणी होती, पण मला ती आवडायची.

एकदा जवळच्या खेड्यातल्या एका बौद्ध गृहस्थाचा अर्ज आला. त्याला धान भरडायची हलर मशीन आणि डिझेल इंजिन घ्यायचं होतं. गावातल्या जुन्या गिरणीवर तो बरीच वर्षं मशीन चालवत होता. अर्जाची कुणकुण लागताच मालकानं त्याला काढून टाकलं. कर्ज नाही मिळालं तर घरी चूल कशी पेटणार, हा प्रश्नच होता.

तारण ठीक होतं: धानाची थोडी शेती त्याच्याच नावावर, शिवाय मशीन. भरडाईचे पैसे आणि गिरणीत राहणारा कोंडा, दोन्ही उत्पन्नात धरले. हप्ते मासिक न ठेवता धान निघाल्यावरचे ठेवले. मॅनेजरनी कागद वाचून बाजूला सरकवला.

"सगळं खरं, पण त्याच्या हातचा तांदूळ गावात नेणार कोण? गिऱ्हाईक नाही तर हप्ता कुठला?"

मला राग आला. पण प्रश्न परतफेडीचा होता, उत्तर द्यावंच लागणार होतं. मी गावात जाऊन त्यालाच विचारलं.

"साहेब, आतापर्यंत मशीन कोन चालवत होता? मीच ना! मंग आता काहून नाही येनार लोक?"

टिपणीत मी एक वाक्य वाढवलं: गावाचं धान आजवर अर्जदाराच्याच हातून भरडलं गेलं आहे. मॅनेजरनी ते दोनदा वाचलं आणि सही केली. मी स्वतःवर भलताच खूश झालो.

सुगीनंतर तपासणीला गेलो, तर दारात बैलबंड्यांची रांग. पुढे काट्यावर एक अनोळखी माणूस बसला होता. तोच पोती मोजून घेई, तोच तांदूळ लोकांच्या हाती देई. आमचा कर्जदार मागे, इंजिनाच्या धुरात.

"हा कोण?"

"पाटलाच्या भावकीतला हाये. पगारानं ठेवला. तिकडं बी मालकच पुढं बसे, मी मांगंच होतो. मी तांदूळ देल्ला तर बाया घेत नाहीत, साहेब." त्यानं हात पुसले. "हप्ता त भरा लागते ना."

हप्ते त्यानं वेळेवर भरले. डिझेल, पट्टा, दुरुस्ती, सारा खर्च मी धरला होता, हा पगार मात्र नव्हता. पुढच्या वर्षी त्यानं वाढीव कर्ज मागितलं, तेव्हा खर्चाच्या रकान्यात मी तो लिहिला: काट्यावरील नोकर, एक. कारणाच्या जागी लिहिलं: धंद्यास आवश्यक.

मॅनेजरनी काही न विचारता सही केली.