बाहेरचं काही खाल्लं नाही

आमची धाकटी बहीण डॉक्टर झाली आणि तिची नेमणूक लखनौला, आमच्या आलमबागच्या रेल्वे कॉलनीजवळच्या इस्पितळात झाली, तेव्हा सगळ्यांना आनंद झाला. मलाही झाला असं मी सगळ्यांना सांगत होते. ती आमच्याच क्वार्टरमध्ये राहायला आली. तिच्या जन्माच्या वेळी आई अंथरुणाला खिळली, म्हणून चौथीनंतर माझी शाळा सुटली आणि ही माझ्या कडेवर आली. हे ती विसरली नव्हती. उलट येईल त्याला सांगायची, "ताईनं मला वाढवलं." ते ऐकलं की मला जास्तच लागायचं.

त्या वर्षी जेठात, म्हणजे ज्येष्ठ महिन्यात, उलटी-जुलाबाचे पेशंट एकाएकी वाढले. सगळे आमच्याच भागातले. कुणी म्हणे कॉलरा, कुणी म्हणे टाकीत मेलेलं माकड सापडलं. दोन घरं तर मुलं घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला, अलीगंजला नातेवाइकांकडे निघून गेली. पेपरवाले इस्पितळाच्या फाटकाशी येऊन बसू लागले. मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की दहा तोंडांनी दहा गोष्टी नकोत, बोलायचं ते एकानंच. त्यांनी तिला निवडलं. सोमवारी दुपारी चारला तिनं निवेदन वाचायचं होतं.

एक वाजता ती जेवायला आली, कागद घेऊनच. एका हातानं जेवत होती, दुसऱ्यानं खोडत होती. माझे यजमान वर्कशॉपमधून जेवायला आले होते. तिनं त्यांना वाचून दाखवलं.

"भाऊजी, ऐका. आज दुपारी बारापर्यंत तेवीस पेशंट भरती. दोघांची तब्येत गंभीर, बाकीचे सुधारत आहेत."

"गंभीर कशाला म्हणतेस? लोक घाबरतील."

"मोठे साहेबही तेच म्हणाले. स्थिति नियंत्रण में है असं लिही म्हणाले. पण कारणच सापडलं नाही, मग नियंत्रण कशावर? उद्या त्या दोघांतलं कुणी गेलं, तर परवा माझा शब्द कोण ऐकेल?"

"आणि कॉलरा?"

"रिपोर्ट आलेला नाही. है म्हणत नाही, नहीं है असंही म्हणत नाही. जाँच चालू आहे म्हणते."

यजमान मान डोलवत होते. मी पोळ्या लाटत होते. माझ्या कुठल्या बोलण्यावर त्यांनी अशी मान डोलवलेली मला आठवत नव्हती.

"कारणाचं काय लिहिलंस?" त्यांनी विचारलं.

"तेवीसच्या तेवीस जणांना मी स्वतः विचारलं. बाहर का कुछ खाया-पिया? सगळे म्हणाले, नहीं. म्हणजे संशय नळाच्या पाण्यावर. नळाचं पाणी पिऊ नका, असं सांगणार."

माझं लाटणं थांबलं. जेठातल्या मंगळवारांना लखनौत बडा मंगल म्हणतात. रस्त्यारस्त्यावर मांडव घालून येणाऱ्या-जाणाऱ्याला पुरी-सब्जी आणि शरबत वाटतात. मागच्या मंगळवारी आमच्या पार्कातही भंडारा होता. मी तिथे पुऱ्या लाटायला होते. बुधवारपासून ज्या ज्या घरात कुणी आडवं झालं, त्यांतल्या बहुतेकांना मी त्या मांडवात पाहिलं होतं. पण त्यांच्या लेखी ते बाहेरचं नव्हतंच. तो प्रसाद होता. बाहेरचं म्हणजे ठेल्यावरचं, विकतचं. प्रसादाला बाहेरचं म्हणणारी बाई आमच्या ओळीत सापडली नसती.

पुऱ्या कढईतून गरमगरम जात होत्या. शरबताचं तसं नव्हतं. बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून आली, नालीकाठच्या फरशीवर आपटून फोडली आणि ती ढेकळं तशीच पिपात गेली. मी प्यायले नव्हते, मला गार सोसत नाही.

हे सगळं माझ्या तोंडाशी आलं होतं आणि मी तव्यावर पोळी टाकली. मनात आलं, वाचू दे. एकदा तरी हिचं चुकू दे. चार लोकांत चुकू दे. इतकी शिकली, तेवीस लोकांशी बोलली आणि तिला न कळलेलं मला पोळ्या लाटताना कळलंय, हे मला थोडा वेळ एकटीला हवं होतं. हात धुऊन ती गेली. जाताना म्हणाली, "ताई, वांग्याची भाजी छान झाली होती." तिचं ते गोड बोलणंही मला नको होतं.

तीनच्या सुमाराला शेजारची आली. तिचा दीर तेवीसमधला एक होता.

"दीदी, आपका बड़ा भगौना चाहिए. कल फिर शरबत है."

"देवर कैसे हैं?"

"बोतल चढ़ रही है. इसीलिए तो इस बार दुगना बनवा रहे हैं, हनुमानजी ठीक कर देंगे. बर्फ भी दो सिल्ली बोली है."

मी तिला पातेलं काढून दिलं, पदर डोक्यावर घेतला आणि निघाले. इस्पितळात मी कधी एकटी गेले नव्हते. वॉर्डाच्या बोळात माणसं बघून मी भिंतीला चिकटून उभी राहिले. ती समोरून आली, हातात कागद.

"ताई? घरी काय झालं?"

"त्यांना प्रसादाचं विचार," मी म्हटलं. "बाहेरचं नको विचारू. भंडाऱ्यात शरबत घेतलं का विचार." मग बर्फाचं सांगितलं आणि उद्याचं.

तिनं मला दुपारी का नाही सांगितलंस असं विचारलं नाही. वॉर्डात गेली. दारातून मला ऐकू येत होतं. "अम्मा, मंगल को भंडारे का शरबत पिया था?" "हाँ बिटिया, तीन गिलास. वो तो परसाद था." पुढच्या खाटेवर हो, त्याच्या पुढच्या खाटेवरही हो. दोघा-तिघांनी नाही म्हटलं.

ती बाकावर बसून पुन्हा लिहू लागली. मला वाटलं, आता त्या मांडवाचं नाव घेणार आणि कॉलनीत मारामारी होणार.

"नाव घेत नाही," ती म्हणाली. "अजून सिद्ध काही नाही. आणि देवाचं काम बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही."

मोठ्या साहेबांना दाखवून ती चारला फाटकाशी उभी राहिली. मी मागे खांबाआड होते. तिनं आकडा सांगितला, गंभीर दोघेही सांगितले. कारण अजून नक्की माहीत नाही म्हणाली. बऱ्याच पेशंटनी गेल्या मंगळवारी बर्फाचं शरबत प्यायलं होतं, तेच कारण असं आज म्हणता येत नाही, पाण्याचेही नमुने गेले आहेत. तोवर प्यायचं पाणी उकळून घ्या. उद्या भंडारा जरूर करा, पुरी-सब्जी गरम वाढा, शरबत उकळून गार केलेल्या पाण्याचं करा, बर्फ घालू नका. जुलाब सुरू झाले तर मीठ-साखरेचं पाणी देत लगेच इथे या. उद्या चारला पुन्हा सांगेन. एवढंच.

एकानं ओरडून कॉलऱ्याचं विचारलं, "मैडम, हैजा है कि नहीं?"

"जिस दिन मुझे पता चलेगा, उसी दिन आपको बताऊँगी."

गर्दी हळूहळू पांगली. कुणी धावलं नाही.

घरी येताना ती म्हणाली, "मोठ्या साहेबांना तुझं सांगते." मी म्हटलं, "काही नको." तिनं ऐकलं, आणि तिनं ऐकलं याचाच मला रात्रभर राग आला. यजमान तर जेवताना दोनदा म्हणाले, "कसं काय सुचलं हिला." तिनं माझ्याकडे बघितलं. मी ताटात बघत होते.

मंगळवारी मांडवात मीच शरबत वाटत होते. उन्हात पाणी कोमट झालं होतं. लोक घोट घेऊन तोंड वाकडं करत होते. शेजारची म्हणाली, "आपकी डॉक्टरनी बहन ने तो सारा मज़ा किरकिरा कर दिया."

ते माझ्यामुळे झालं होतं, आणि ते सांगायला तोंड उघडायचं तेवढं बाकी होतं. मी म्हटलं, "हाँ, वो ऐसी ही है," आणि पुढच्याचा गिलास भरला.

त्या मांडवातून त्या आठवड्यात कुणी आजारी पडलं नाही. ते दोघे गंभीर पेशंटही बरे होऊन घरी गेले. शेजारणीचा दीर मिठाईचा डबा घेऊन आला आणि माझ्या हातात देत म्हणाला, "डॉक्टर साहिबा को दे दीजिएगा."

मी दिला.