घडीच्या टेबलाची जागा

इस्पितळाच्या धोबीखान्यात ती वाफेच्या इस्त्रीवर चादरी दाबायची. काम अंगवळणी पडलं होतं. पण अलीकडे घाम फुटू लागला की मान आणि छाती सुयांनी टोचल्यासारखी चुणचुणायची. मग टाचणीच्या डोक्याएवढे फुगवटे उठायचे, भोवती लाली. घरी कढत पाण्यानं अंघोळ केली तरी तेच. थंड जागी बसलं की अर्ध्या-पाऊण तासात कातडी पुन्हा कोरी.

‘‘पित्त आहे गं, पोट साफ ठेव,’’ शेजारच्या इस्त्रीवरची ताई म्हणायची. पण तीच तिला पंख्याखाली बसवायची, पाठीवरचे फुगवटे बघून हळहळायची.

घड्या घालायच्या टेबलावरची बाई निवृत्त झाली. तिथं वाफ नव्हती, काम बसून होतं. ती रिकामी जागा तिनं साहेबांकडे मागितली. देखरेखीचे साहेब दुपारच्या सुट्टीनंतर आले, तोवर अंग कोरं.

‘‘कुठंय पुरळ? मला तर काही दिसत नाही.’’

‘‘ताईंना विचारा. रोज बघतात त्या.’’

ताई चादरीची किनार सरळ करत होती. मान वर न करता म्हणाली, ‘‘मी नाही बाई कधी काही पाहिलं. उकडतं तर सगळ्यांनाच. आणि हिच्याआधीपासून मी आहे इथं, साहेब.’’

तिला आधी वाटलं, ताई थट्टा करतेय. मग कानशिलं तापली. इस्त्री बंद होती, घामाचा थेंब नव्हता. तरी गळ्याशी चुणचुण सुरू झाली. तिनं बाह्या वर सारल्या. साहेबांच्या डोळ्यांदेखत दंडावर एकेक ठिपका फुगत गेला.

साहेब मागे सरकले. ‘‘खरूज तर नाही ना? आधी डॉक्टरकडे जा.’’

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी तिला जिने चढायला लावले आणि ठिपके स्वतः पाहिले. ‘‘हे कुणाला लागत नाही. अंग तापलं की उठतं; व्यायामानं, ऊन पाण्यानं, रागानंसुद्धा. झोप न आणणारी अ‍ॅलर्जीची गोळी रोज घ्यायची, पुरळ नसलं तरी. अंघोळ कोमट पाण्यानं. वाफेपासून लांब राहा. आणि दम लागला, चक्कर आली, ओठ सुजले, तर थांबायचं नाही, थेट तातडीच्या विभागात यायचं.’’

डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी दाखवल्यावर टेबल तिला मिळालं. गोळीनं बरंच आटोक्यात आलं. क्वचित उन्हातून भरभर चाललं तर चार ठिपके उठतात.

टेबलावरच्या पहिल्याच दिवशी ताई जवळ आली होती. ‘‘रागावलीस? माझे गुडघे गेलेत गं. उभं राहवत नाही.’’

‘‘मग मला सांगायचं होतंत ना. आलटून पालटून बसलो असतो आपण.’’

‘‘तू दिली असतीस?’’

‘‘तेव्हा दिली असती,’’ ती म्हणाली आणि उशीच्या अभ्र्यांचा गठ्ठा पुढे ओढला.